‘जरा थांबा’ म्हटल्यावर सगळेच परत आले तर? रिट्राय वादळाचं गणित

एखाद्या एपीआयला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त विनंत्या पाठवल्या की उत्तर येतं `429 Too Many Requests`. हा क्रमांक 2012 साली आरएफसी 6585 या मानकात आला. त्याचा अर्थ फार सौम्य आहे: तुमची विनंती चुकीची नाही, मीही बंद पडलेलो नाही, फक्त तुमच्याकडून सध्या फार विनंत्या येताहेत, जरा थांबा. किती थांबायचं हेही समोरचा सांगू शकतो. त्यासाठी उत्तरासोबत `Retry-After` नावाचं शीर्षक येतं आणि त्यात सेकंद किंवा वेळ दिलेली असते.

आता आपल्या बाजूचा प्रोग्रॅम काय करतो? तो पुन्हा प्रयत्न करतो, म्हणजे रिट्राय. एकट्या विनंतीच्या दृष्टीने हे अगदी शहाणपणाचं आहे. पण शंभर विनंत्या एकाच वेळी तसंच वागल्या, तर वीसातल्या एका वापरकर्त्याला जाणवणारा बिघाड मिनिटाभरात सगळ्यांचा होऊ शकतो. हे नेमकं कसं घडतं, ते एका उदाहरणातून आकडे मांडून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली यंत्रणा रोजच्या वापरातली आहे. गणित बेरीज-गुणाकारापलीकडचं नाही.

उदाहरणाची मांडणी

समजा, तुम्ही हवामान दाखवणारं एक संकेतस्थळ चालवता. अंदाजाचे आकडे तुम्ही स्वतः काढत नाही, ते दुसऱ्या एका संस्थेच्या एपीआयकडून घेता. त्या एपीआयची मर्यादा आहे सेकंदाला 100 विनंत्या. तुमच्याकडे सेकंदाला 400 वापरकर्ते पान मागतात. प्रत्येकासाठी एपीआयकडे जावं लागत नाही, कारण अलीकडची उत्तरं तुम्ही आठ कॅश सर्व्हरवर वाटून साठवलेली आहेत. 80 टक्के पानं तिथूनच जातात. म्हणजे 320 पानं कॅशमधून आणि उरलेल्या 80 विनंत्या एपीआयकडे. मर्यादा 100, गरज 80. सगळं सुरळीत.

आता आठातला एक कॅश सर्व्हर बंद पडतो. त्याच्याकडची उत्तरं गेली, म्हणून कॅशमधून मिळणारी पानं 320 ऐवजी 280 झाली. एपीआयकडे जाणाऱ्या विनंत्या 80 वरून 120 झाल्या. मर्यादा 100ची, त्यामुळे सेकंदाला 20 विनंत्यांना 429 मिळणार.

या क्षणी परिस्थिती काय आहे? 400 पैकी 20 वापरकर्त्यांना पान दिसत नाही, म्हणजे 5 टक्के. त्रासदायक आहे, पण संकट नाही. कोणी काहीही केलं नाही, तरी 95 टक्के लोकांचं काम चालू आहे. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे जे घडतं, ते या 5 टक्क्यांना वाचवण्याच्या प्रयत्नात घडतं.

रिट्राय करून मिळालं काय?

तुमच्या प्रोग्रॅममध्ये एक साधा नियम आहे: विनंती नाकारली गेली तर एक सेकंद थांबून पुन्हा करायची, जास्तीत जास्त तीन वेळा. म्हणजे एका विनंतीला एकूण चार संधी.

पहिल्या सेकंदाला 20 विनंत्या नाकारल्या गेल्या. पुढच्या सेकंदाला त्या परत आल्या, पण तोवर नव्या 120 ही आल्याच. 140 विनंत्यांत 100 जागा, 40 नाकारल्या. त्याच्या पुढच्या सेकंदाला 160. ही वाढ कायम चालत नाही, कारण चार वेळा अपयश आलं की विनंती सोडून दिली जाते. समतोल कुठे येतो ते काढता येतं. शेवटी मार्गी लागणाऱ्या विनंत्या 120 पैकी 100च असणार. म्हणजे चारही प्रयत्न फसण्याची शक्यता सहात एक. एक प्रयत्न फसण्याची शक्यता q धरली, तर

```
q^4 = 1/6,  q ≈ 0.64
प्रयत्न = 120 × (1 + q + q^2 + q^3) ≈ 277
```

म्हणजे एपीआयकडे आता सेकंदाला 277 विनंत्या जाताहेत, त्यातल्या 177 नाकारल्या जाताहेत, आणि अखेर अपयशी ठरणारे वापरकर्ते किती? तेच 20. एकही वाचला नाही.

यात नवल नाही. रिट्रायचा उपयोग होतो तो अपघाती अपयशाला. नेटवर्कमध्ये एखादं पॅकेट हरवलं, पुन्हा पाठवलं, पोचलं. तिथे दुसऱ्या प्रयत्नाचं नशीब पहिल्यापेक्षा वेगळं असतं. 429 हे अपघाती अपयश नाही. जागा 100, माणसं 120, हेच त्याचं कारण आहे आणि एका सेकंदाने ते बदलत नाही. फक्त कोणाला जागा मिळणार हे बदलतं.

काही एपीआयमध्ये तर नाकारलेल्या विनंत्याही मर्यादेत मोजल्या जातात. तिथे दार ठोठावत राहिलात तर दार उघडण्याची वेळच पुढे ढकलली जाते. आपल्या उदाहरणात आपण दयाळू एपीआय धरू, म्हणजे नाकारणं मोजलं जात नाही आणि 100 विनंत्या नेहमी मार्गी लागतात. तरीही पुढचा घोटाळा होतोच.

कामगार अडकतात

277 चा आकडा काढताना आपण गुपचूप एक गोष्ट गृहीत धरली: थांबलेल्या विनंत्या सांभाळायला आपल्याकडे कितीही जागा आहे. प्रत्यक्षात तसं नसतं. प्रत्येक विनंती एका थ्रेडच्या ताब्यात असते आणि थ्रेडची संख्या ठरलेली असते. समजा, तुमच्याकडे असे 100 थ्रेड आहेत. त्यांना कामगार म्हणू.

किती कामगार गुंतलेले असतील हे काढायचं एक सुंदर सूत्र आहे. जॉन लिटल यांनी 1961 साली ते सिद्ध केलं, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. यंत्रणेत एका वेळी असलेली कामं = दर सेकंदाला येणारी कामं × प्रत्येक कामाला लागणारा वेळ. दुकानात मिनिटाला दोन गिऱ्हाइकं येत असतील आणि प्रत्येक जण पाच मिनिटं थांबत असेल, तर दुकानात सरासरी दहा जण असणार. बस, एवढंच.

कॅशमधलं पान द्यायला 0.02 सेकंद आणि एपीआयकडून आणायला 0.2 सेकंद लागतात असं धरू. कॅश सर्व्हर बंद पडल्यावर, पण रिट्राय न करता, गुंतलेले कामगार: 280 × 0.02 + 120 × 0.2, म्हणजे साधारण 30. शंभरातले 70 रिकामे. अजिबात ताण नाही.

आता रिट्राय आणा. एपीआयकडे जाणारी प्रत्येक विनंती सरासरी 1.3 वेळा रिट्राय करते आणि प्रत्येक वेळी एक सेकंद थांबते. ती थांबलेली असताना तिचा कामगारही थांबलेला असतो. तो काहीही काम करत नाही, पण दुसऱ्या कोणाला मिळतही नाही. एका विनंतीला आता 0.2 ऐवजी दीड सेकंद लागतो. 120 × 1.5 = 180 कामगार हवेत. आहेत 100.

इथे बिघाडाची जात बदलते. कामगार संपले, की नवी विनंती रांगेत उभी राहते. तिला कॅशमधलं तयार पान हवं असलं तरीही, कारण ते काढून द्यायला रिकामा कामगारच नाही. शंभर कामगार मिळून आता सेकंदाला किती पानं हातावेगळी करतात? आत घेतलेल्या विनंत्या कमी झाल्या की एपीआयवरचा भार आणि नकारही थोडे कमी होतात. त्यामुळे समतोल साधारण 345 पानांवर येतो. येतात 400. उरलेली 55 रांगेत, दर सेकंदाला.

एका मिनिटात रांग 3300 ची होते. सेकंदाला 345 या वेगाने तिच्या शेवटच्या माणसाचा नंबर यायला साडेनऊ सेकंद लागतात. मिनिटापूर्वी 5 टक्के लोकांना पान मिळत नव्हतं आणि बाकीच्यांना क्षणात मिळत होतं. आता प्रत्येकाला साडेनऊ सेकंद थांबावं लागतंय आणि रांग वाढतेच आहे. एपीआय मात्र पूर्ण वेळ नेमून दिलेल्या 100 विनंत्या इमानेइतबारे मार्गी लावतो आहे. तो बिघडलेलाच नाही.

कारण गेलं, आजार राहिला

तुमच्या सर्व्हरच्या पुढे एक गेटवे असतो. समजा, तो 10 सेकंद वाट पाहतो आणि उत्तर आलं नाही तर विनंती एकदा पुन्हा पाठवतो. हा नियम वेगळ्या कोणीतरी, वेगळ्या वर्षी, चांगल्याच हेतूने लिहिलेला असतो. रांग 10 सेकंदांच्या पुढे गेली की जवळजवळ प्रत्येक विनंती दोनदा येऊ लागते. 400 च्या 800 होतात. त्याहून वाईट म्हणजे, रांगेतून नंबर लागून तयार झालेलं पान घ्यायला पलीकडे कोणी उरलेलंच नसतं, कारण गेटवेने ती जोडणी सोडून दिलेली असते. सर्व्हर पूर्ण क्षमतेने राबतोय आणि त्याच्या कामाचा उपयोग जवळपास शून्य आहे.

आता तुमचा सहकारी बंद पडलेला कॅश सर्व्हर दुरुस्त करतो. पुन्हा 80 टक्के पानं कॅशमधून मिळू लागतात. सुटलो? गणित करा. विनंत्या 800, त्यातल्या 20 टक्के एपीआयकडे, म्हणजे 160. मर्यादा अजूनही 100. नकार चालू, रिट्राय चालू, कामगार अडकलेले. या अवस्थेत सेकंदाला 515 च्या आसपास पानं हातावेगळी होतात आणि येतात 800. रांग हटत नाही, म्हणून टाइमआउट हटत नाहीत, म्हणून दुप्पट विनंत्या हटत नाहीत. मूळ कारण नाहीसं झालं, पण बिघाड आता स्वतःच स्वतःला पोसतो आहे.

अशा अवस्थेला मेटास्टेबल बिघाड म्हणतात. शून्याखाली थंड केलेलं पण अजून न गोठलेलं पाणी आठवा. एक धक्का बसला की ते गोठतं, आणि धक्का मागे घेतला म्हणून पुन्हा द्रव होत नाही. आपली यंत्रणा 400 विनंत्यांवर दोन वेगवेगळ्या अवस्थांत राहू शकते, एक निरोगी आणि एक आजारी. आजारी अवस्थेतून बाहेर यायला मूळ दुरुस्ती पुरत नाही, भार खाली ओढावा लागतो.

हे कागदावरचं भय नाही. 20 सप्टेंबर 2015 रोजी ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेत अमेरिकेच्या पूर्व भागात असंच घडलं. सुरुवात नेटवर्कच्या अगदी थोड्या वेळाच्या अडथळ्याने झाली. डेटा साठवणाऱ्या सर्व्हरना ‘आपल्याकडे कोणता भाग आहे’ ही माहिती एका मध्यवर्ती सेवेकडून पुन्हा घ्यायची होती. सगळ्यांनी एकदम मागितली. उत्तराला वेळ लागला, टाइमआउट झाले, त्यांनी पुन्हा मागितली. अडथळा दूर होऊनही ती सेवा इतकी दबलेली राहिली की अभियंत्यांना तिची क्षमता वाढवणंही जमेना. शेवटी त्यांनी तिच्याकडे येणाऱ्या विनंत्या काही काळ थांबवल्या, मगच क्षमता वाढवता आली. तिथे अडवणारी गोष्ट 429 नव्हती, टाइमआउट होता. पण वादळाचं इंजिन तेच.

मागे हटणं, आणि त्याची मर्यादा

याचा सर्वपरिचित उपाय इंटरनेटच्या बालपणातच सापडला. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. दोन ठिकाणांमधलं अंतर सुमारे 400 यार्ड. संगणक पोच न मिळालेली पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि त्यांनीच मार्ग भरून गेला होता. व्हॅन जेकबसन यांनी 1988 च्या निबंधात यावरचे उपाय मांडले. त्यातलं एक सूत्र असं की दर अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करत न्यायचा. यालाच एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ म्हणतात.

नुसतं दुप्पट करणं पुरत नाही. एकाच क्षणी नाकारलेल्या 20 विनंत्या सगळ्याच एक सेकंदाने, मग दोन, मग चार सेकंदांनी परत आल्या, तर त्या घोळक्यानेच येतात. `Retry-After: 30` पाळतानाही हाच धोका असतो, बरोबर तिसाव्या सेकंदाला सगळे दारात. म्हणून थांबण्याच्या काळात यादृच्छिकता मिसळतात. तिला जिटर म्हणतात.

```python
def wait_time(attempt, retry_after=0):
    cap = min(30, 0.5 * 2 ** attempt)
    return retry_after + random.uniform(0, cap)
```

इथे जिटर `retry_after` मध्ये मिळवला आहे, त्यातून वजा केलेला नाही, हे बघा. सांगितलेल्या वेळेआधी परत जाणं म्हणजे नकार ओढवून घेणं.

पण आपल्या उदाहरणात हे वापरून बघा. नव्या विनंत्या 120, जागा 100. बॅकऑफमुळे जुन्या विनंत्या उशिरा परत येतील, पण येतील तेव्हाही दर सेकंदाला 120 नव्या येतच असणार, कारण नवा वापरकर्ता आधीचा थांबलाय म्हणून थांबत नाही. भार क्षणिक असेल तर बॅकऑफ त्याला पसरवून निभावून नेतो. भार सतत जास्त असेल तर तो फक्त अपयश पुढे ढकलतो, आणि तेवढा वेळ कामगार अडकवून ठेवतो. आपला घात तर कामगारांच्या वाट पाहण्यानेच झाला होता. म्हणून बॅकऑफ जरूर लावा, पण तेवढ्यावर थांबू नका.

रिट्रायचं बजेट

जास्त उपयोगी नियम वेगळा आहे. एका विनंतीने किती वेळा प्रयत्न करायचा एवढंच न ठरवता, सगळ्यांचे मिळून किती रिट्राय चालतील ते ठरवायचं. उदाहरणार्थ, नव्या विनंत्यांच्या 10 टक्के. नेहमीचे दिवस असतील तर तुरळक अपयशांना हे बजेट पुरून उरतं. वादळ आलं तर ते लगेच संपतं आणि उरलेल्या विनंत्यांना तत्काळ ‘नाही’ सांगितलं जातं.

आपल्या उदाहरणात नव्या विनंत्या 120, म्हणजे सेकंदाला 12 रिट्राय. एपीआयकडे 277 नव्हे, 132 जातील. प्रत्येक रिट्राय एक सेकंद थांबतो, म्हणून जास्तीचे 12 कामगार गुंततील. आधीचे 30 आणि हे 12, एकूण 42. शंभरातले 58 रिकामे. रांग लागतच नाही. 380 लोकांना पान मिळतं, 20 जणांना ‘अंदाज थोड्या वेळाने पाहा’ अशी ओळ लगेच दिसते. बिघाड 5 टक्क्यांचा होता, 5 टक्क्यांचाच राहिला. कॅश सर्व्हर परत आला की तोही संपतो.

यासोबत आणखी एक नियम पाळावा लागतो: रिट्राय एकाच थरात करायचा. एकावर एक तीन थर असतील आणि प्रत्येक थर चार वेळा प्रयत्न करत असेल, तर तळाशी एका विनंतीच्या 4 × 4 × 4 = 64 होतात. प्रत्येक थराच्या कोडमध्ये पाहिलं तर फक्त ‘चार’ दिसतं. 64 कुठेही लिहिलेलं नसतं, म्हणून ते सापडत नाही. जो थर एपीआयला सर्वांत जवळ आहे त्याने रिट्राय करावा आणि अपयश आल्यास वरच्यांना ‘आता पुन्हा प्रयत्न करू नका’ असं स्पष्ट कळवावं. आपल्या गेटवेला असा निरोप समजत असता, तर 400 च्या 800 झाल्या नसत्या.

वादळ ओळखायचं कसं?

बहुतेक ठिकाणी आलेखावर 429 ची संख्या दिसते. ती वाढली की सगळे एपीआयकडे बोट दाखवतात आणि मर्यादा वाढवून मागतात. त्या संख्येत पहिले नकार किती आणि रिट्रायना मिळालेले किती हे वेगळं दिसत नाही. आपल्या उदाहरणात 177 नकार पाहून वाटेल की मर्यादा 277 हवी. खरी गरज 120 ची होती.

म्हणून प्रत्येक विनंतीसोबत तो कितवा प्रयत्न आहे हे नोंदवा, आणि एकूण प्रयत्न भागिले नव्या विनंत्या हे गुणोत्तर आलेखावर ठेवा. निरोगी यंत्रणेत ते 1 च्या किंचित वर असतं. ते दीड-दोनकडे सरकू लागलं, की तुमचे रिट्रायच भार निर्माण करताहेत. त्याच वेळी गुंतलेले कामगार वाढताहेत पण प्रोसेसर निवांत आहे असं दिसलं, तर निदान जवळजवळ पक्कं: कामगार काम करत नाहीयेत, वाट बघताहेत.

अशा वेळी नवे सर्व्हर जोडण्याचा मोह टाळा. कामगार वाढवले तर मर्यादेवर आदळणारे प्रयत्न तेवढे वाढतील, जागा 100च राहतील. पहिली कृती एकच: रिट्राय बंद करायचे. त्यासाठी नवा कोड चढवावा न लागता बदलता येईल असं एक बटण आधीच करून ठेवलेलं हवं, कारण रांग 10 सेकंदांची व्हायला आपल्या उदाहरणात एक मिनिट लागलं होतं. त्यानंतर रांगेत साचलेल्या जुन्या विनंत्या फेकून द्या, त्यांची वाट पाहणारं कोणी नाही. मग मूळ बिघाडाकडे वळा. हा क्रम उलटा केला तर काय होतं, ते वरच्या 800 आणि 515 या दोन आकड्यांत दिसतं.